मांजराचं पिल्लू एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं, घरात ठेवू का?

«नाशिकला इंदिरानगरात पार्किंगमध्ये अडीच महिन्यांचं पिल्लू सापडलं. टेस्टमध्ये एफआयव्ही पॉझिटिव्ह, ल्युकेमिया निगेटिव्ह. घरी चार वर्षांची मनी आहे. ठेवू की नको?»

ठेवा. एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, पण या वयातला पॉझिटिव्ह अजून खरा धरू नका. दवाखान्यातली पट्टी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी शोधते, आणि ती आईच्या दुधातून आलेली असू शकते. पिल्लू सहा महिन्यांचं झालं की पुन्हा तपासा. आईची असेल तर तोवर ती बहुधा ओसरलेली असते.

मला जास्त काळजी त्या ल्युकेमिया निगेटिव्हची, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूच्या टेस्टची वाटते. ती टेस्ट विषाणूचंच प्रथिन पकडते, पण लागण नुकतीच झाली असेल तर चुकते. हा आजार लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच वाटीतून पसरतो. म्हणून पिल्लू सहा आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, वाट्या आणि लिटर ट्रे वेगळे. मग पुन्हा टेस्ट करा आणि निगेटिव्ह आली तरच मनीशी गाठ घाला. मनीचीही टेस्ट झाली नसेल तर याच वेळी उरका.

सहा महिन्यांनंतरही एफआयव्ही पॉझिटिव्हच राहिला, तरी पिल्लाला सोडून देऊ नका. तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. दोघं भांडत नसतील तर मनीला धोका कमी. नसबंदी करा, बाहेर सोडू नका, कच्चं मांस देऊ नका. दर सहा महिन्यांनी वजन आणि हिरड्या दाखवा. तोंडाला वास, लाळ गळणं किंवा खाताना मान वाकडी करणं दिसलं तर थांबू नका. अशी मांजरं अनेक वर्षं छान जगतात. माणसाला यातलं काहीच लागत नाही.