महिला वसतिगृहाचं नाव : बोर्डापेक्षा पावतीकडे लक्ष द्या

प्रश्न : पुण्यात आमच्या घराचे वरचे दोन मजले नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह म्हणून सुरू करतोय. आई तळमजल्यावरच राहते, तीच सगळं बघणार. 'सखी निवास', 'आसरा' आणि 'पिंक नेस्ट रेसिडेन्सी' अशी नावं डोक्यात आहेत. पालकांना विश्वास वाटेल असं यातलं कोणतं?

उत्तर :

तिन्ही ठेवू नका. का ते सांगते, कारण याच गोंधळातून आम्ही गेलो आहोत. परवानग्या, पोलीस पडताळणी, अग्निसुरक्षा वगैरे तुम्ही बघितलंच असेल असं धरून फक्त नावाबद्दल लिहिते. मी वकील नाही, अनुभवावरून बोलते आहे.

'सखी निवास' ऐकायला गोड आहे, पण ते सरकारी योजनेचं नाव आहे. केंद्राची नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना आता 'मिशन शक्ती'खाली त्याच नावाने चालते. तुम्ही ते नाव लावलंत की सवलतीचे दर आणि सरकारी अर्ज यांची चौकशी करणारे फोन येत राहतील. नाही म्हटलं की पालकांना वाटतं, काहीतरी लपवताहेत. शिवाय सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल अशा नावांवर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याचं बंधन आहे. तुमचं नाव त्यात बसतं की नाही हे वकील सांगेल, पण त्या वाटेला जायचंच कशाला? 'शक्ती सदन'ही असंच टाळा. ते संकटात सापडलेल्या स्त्रियांच्या निवासाच्या योजनेचं नाव आहे.

'आसरा'ची अडचण वेगळी. आसरा, निवारा, आधार, आश्रम या शब्दांनी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे निराधार बाई येते. त्या संस्थांचं काम मोठंच आहे. पण ज्या बापाने मुलीला इंजिनीअर केलं, त्याला नातेवाइकांना 'ती आसऱ्यात राहते' असं सांगावंसं वाटत नाही. पालकांना सुरक्षितता हवी असते तितकंच हेही हवं असतं, की लग्नकार्यात कुणी विचारलं तर पत्ता अडखळत सांगावा लागू नये. माझी नाव तपासायची रीत तीच आहे. तुमच्या आईच्या वयाच्या, या धंद्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी फोन करा आणि म्हणा, 'आमची मुलगी अमुक ठिकाणी राहते.' मग विचारा, कसली जागा वाटली? पहिलं जे तोंडातून येईल ते खरं. 'माहेर' हे नावही खूप जणांना सुचतं. पण पुण्याजवळ त्या नावाची निराधार स्त्रियांसाठी काम करणारी नामांकित संस्था आधीपासून आहे. लोक तुमची त्यांच्याशी गल्लत करतील आणि त्यांनाही त्रास होईल.

'रेसिडेन्सी' तर मुळीच नको. इन, स्टे, रेसिडेन्सी म्हटलं की लोकांना लॉज वाटतो. रात्री अकराला 'रूम आहे का, दोघांसाठी?' असे फोन येतात, आणि तो फोन तुमची आई उचलणार आहे. 'नेस्ट'बद्दल माझी फार तक्रार नाही, पण गुलाबी रंग आणि इंग्रजी घरटं यांनी साताऱ्याच्या आईला काहीच कळत नाही. 'सेफ'सुद्धा नावात घालू नका. बोर्डावर सुरक्षेची हमी दिसली की इथे भीती कसली, हाच प्रश्न आधी मनात येतो.

आता आम्हाला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. आमचं नाव चांगलं होतं, आजेसासूबाईंचं नाव आणि पुढे 'सदन'. नोंदणीच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात आम्ही 'महिला वसतिगृह' स्पष्ट लिहिलं होतं. त्या कचेरीतल्या कर्मचाऱ्याने संगणकात भरताना 'लॉजिंग' केलं आणि तो शब्द नावालाच जोडून टाकला. मी तिथेच हरकत घेतली. उत्तर मिळालं, 'राहायची सोय म्हणजे लॉजिंगच, एकच आहे.' एकच नाही! पण प्रमाणपत्र तसंच निघालं. बँक चालू खात्यासाठी व्यवसायाच्या नावाचे कागद मागते, तेव्हा खातंही त्याच नावाने उघडलं. जूनमध्ये एक वडील मुलीला घेऊन आले. खोली पाहिली, जेवण पाहिलं, सासूबाईंशी गप्पा मारल्या. अनामत भरायला त्यांनी क्यूआर स्कॅन केला आणि मोबाइलवर नाव आलं, शेवटी 'लॉजिंग'. त्यांनी बाहेर जाऊन बोर्ड पुन्हा वाचला, आत येऊन भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं आणि मुलीला म्हणाले, 'चल.' मी समजावून सांगत होते, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही उठले असते.

दुरुस्तीसाठी कचेरी म्हणे बँकेचं पत्र आणा, बँक म्हणे दुरुस्त प्रमाणपत्र आणा. आमचं अर्जाचं पान हातात असूनही चूक त्यांची आहे हे लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. प्रवेशाचा मोसम त्यात गेला. आजही त्या कचेरीच्या जिन्याची आठवण झाली की संताप येतो.

म्हणून शेवटचं बटण दाबण्याआधी मसुदा छापून घ्या आणि तीन जागा बोटाने वाचा: नावाचा रकाना, व्यवसायाचा प्रकार, रोमन लिपीतलं स्पेलिंग. यादीत 'वसतिगृह' नसेल तर 'इतर' निवडून हाताने लिहा. तेच नाव, अक्षरशः तेच, भाडेकरारावर, पावतीवर, बँक खात्यावर आणि गूगल नकाशावर असू द्या. बँक खातं उघडल्यावर स्वतः एक रुपया पाठवून पाहा, समोर काय नाव दिसतं ते. नकाशावर प्रकार निवडताना 'लॉज' किंवा 'हॉटेल' पडलेलं नाही ना, तेही बघा.

मग नाव काय ठेवायचं? माझं स्पष्ट मत, तुमच्या आईचं ठेवा. समजा त्यांचं नाव कुमुद, तर 'कुमुद सदन'. व्यक्तीचं नाव असलं की या जागेबद्दल जाब विचारायला कुणीतरी आहे असं पालकांना वाटतं, आणि तुमच्याकडे ती व्यक्ती खरोखर घरात आहे. हे दुसरं महत्त्वाचं. आई राहत नसत्या, पगारी व्यवस्थापक ठेवला असता, तर मी हे सुचवलं नसतं. 'काकूंचं घर' म्हणून बोलावून काकू भेटल्या नाहीत की पालक फसवल्यासारखे बघतात. 'सदन'ला कसला डाग नाही आणि ते लॉजसारखंही वाटत नाही.

नावाखाली दुसरी ओळ हवीच: 'नोकरदार महिलांचे वसतिगृह'. 'गर्ल्स होस्टेल' लिहिलंत तर कॉलेजच्या मुलींच्या चौकशा येतील आणि तिशीतल्या नोकरीवाल्या बायका फोनच करणार नाहीत. बोर्डावर मराठी देवनागरीत ठळक असू द्या. महाराष्ट्रात दुकाने-आस्थापनांच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर वर्ग ४३ मध्ये, म्हणजे तात्पुरत्या निवासाच्या सेवांत, नाव शोधून घ्या. आईच्या नावाचं दुसरं सदन शहरात निघालं तर आडनाव जोडा.

आणि आईंना आधी विचारा. उद्या कुणी भांडायला आलं तर त्यांच्या नावाने येईल. त्या हो म्हणाल्या तरच पुढे जा. नाही म्हणाल्या तर आजी-पणजीचं नाव बघा, पण मग ती कोण होती हे आईंना दोन वाक्यांत सांगता यायला हवं, कारण पालक विचारतातच.