सरांना पाठवायचा माफीचा मेसेज लांबलाय, छोटा कसा करू?

प्रश्न: मी लातूरला एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. काल ९ तारखेला सरांना तीन दुकानांच्या विक्रीच्या याद्या द्यायच्या होत्या, राहिल्या. किराणा आणि कापडवाल्याची झाली आहे, हार्डवेअरच्या दोन बिलांवर गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर नाही म्हणून ती अडकली. मेसेज लिहून ठेवलाय पण पाठवायला मन होईना, नीट करून द्या:

«सर नमस्कार, सर्वात आधी मनापासून सॉरी सर, मला खूप लाजल्यासारखं वाटायलंय. काल गावाकडं सोयाबीनची रास होती, मळणीयंत्र दोन दिवस मिळत नव्हतं ते अचानक आलं, वडिलांची कंबर धरलेली, भाऊ पुण्याला, त्यात आभाळ आलेलं, लाईट नव्हती, मोबाईल पण बंद पडला म्हणून कळवता आलं नाही सर. तुम्ही रागावला असाल, पण प्लीज गैरसमज करून घेऊ नका. याद्या बऱ्यापैकी झाल्यात, लवकरात लवकर द्यायचा प्रयत्न करतो, परत असं कधीच होणार नाही, पुन्हा एकदा सॉरी सर.»

उत्तर:

भाऊ, माझं परभणीला टॅक्सचंच काम आहे, हाताखाली चार पोरं आहेत, त्यामुळं असे मेसेज मी लिहिणाऱ्याच्या नाही तर वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून वाचतो. तेव्हा तिकडूनच सांगतो.

आज १० तारीख आहे. उद्या ११, म्हणजे जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. सकाळी तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की सरांच्या डोक्यात एकच प्रश्न येणार, याद्या कधी मिळतील आणि मला तपासायला वेळ राहील का. आणि तुमच्या मेसेजात सोयाबीन आहे, मळणीयंत्र आहे, कंबर आहे, लाईट आहे, फक्त ह्याचंच उत्तर नाही. बघा की, दोन याद्या तयार आहेत आणि तिसरी जीएसटी नंबरासाठी अडकली, ही सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही इथं आम्हाला सांगितली, सरांच्या मेसेजात तिचं झालं «बऱ्यापैकी झाल्यात». बऱ्यापैकी म्हणजे सरांनी काय समजायचं, एक का अडीच? मग ते फोन करणार, आणि जे लिहून टाळायचं होतं ते तोंडानं सांगावं लागणार.

म्हणून कापाकापी नंतर, आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. काय राहिलं, कुठपर्यंत आलंय, किती वाजता देणार. मेसेज ह्या तीन गोष्टींवर उभा करायचा. जुन्यातली वाक्यं खोडत बसलात तर मेसेज आखूड होईल पण तसाच घाबरलेला राहील, हे मी पोरांच्या बाबतीत लई वेळा बघितलंय.

आता कारणाचं. कारण द्यायचं, पण एकच, आणि अर्ध्या वाक्यात. लातूरच्या माणसाला ऑक्टोबरात सोयाबीनची रास म्हणलं की पुढचं सांगावं लागत नाही, मशीन हातची गेली आणि पाऊस आला तर वर्षाचं पीक मातीत, हे सरांना पण माहीत आहे. एक कारण खरं वाटतं. त्याच्या मागं वडील, भाऊ, आभाळ, लाईट, मोबाईल अशी रांग लावली की वाचणारा नकळत प्रत्येक कारण तपासायला लागतो. तुमच्यातलं सगळ्यात कच्चं मोबाईलचं आहे. दिवसभरात शेजाऱ्याच्या फोनवरून एक कॉल करता आला असता, हे सरांच्या लगेच लक्षात येणार आणि मग खऱ्या कारणावरचा पण विश्वास कमी होणार. तिथं सरळ «कळवायला हवं होतं» एवढंच म्हणा.

सॉरी एकदाच, आणि नेमकं कशासाठी ते त्याच वाक्यात. आपल्या मराठीत ह्याला फार चांगला शब्दप्रयोग आहे, «माझ्याकडून राहिलं». «झालं नाही» म्हणलं की काम आपोआप राहिल्यासारखं वाटतं, आणि «माझी फार मोठी चूक झाली, लाज वाटायली» म्हणलं की समोरच्यानं आता आपलं सांत्वन करायचं का काय असं होतं. «माझ्याकडून राहिलं, सॉरी» ह्यात जबाबदारी पण आली आणि मान पण राहिला.

«रागावला असाल» आणि «गैरसमज करून घेऊ नका» ही दोन्ही वाक्यं काढाच. सर कदाचित रागावलेले नसतील, तुम्हीच त्यांना आठवण करून द्यायलात. «परत कधीच होणार नाही» हे पण नको, रास पुढच्या वर्षी पण आहेच. आणि «प्रयत्न करतो» हे आपल्याकडं कुणी म्हणलं की ऐकणारा «होणार नाही» असंच धरतो. त्याच्या जागी तास लिहायचा. नुसतं «आज देतो» नाही, कारण आज म्हणजे रात्री साडेअकरा पण होते.

मी असतो तर असा लिहिला असता:

«सर, काल द्यायच्या तीन याद्या माझ्याकडून राहिल्या, सॉरी. गावाकडं सोयाबीनची रास होती, पण मी आधी कळवायला हवं होतं. किराणा आणि कापडची यादी सकाळी ११ पर्यंत मेल करतो. हार्डवेअरच्या दोन बिलांवर जीएसटी नंबर नाही, दुकानदाराकडून घेऊन ती यादी ५ पर्यंत देतो, म्हणजे तपासायला संध्याकाळ मिळेल.»

ह्यात प्लीज, कृपया काही नाही तरी उद्धट वाटत नाही, कारण «सर» आहे, आणि शेवटच्या वाक्यात त्यांच्या वेळेचा विचार केलेला दिसतो. सर पण एकदाच, दर वाक्याला लावला की हात जोडून उभं राहिल्यासारखं होतं. आणि पहिल्याच ओळीत याद्यांचं नाव आलंय हे मुद्दाम, कारण फोन न उघडता वर एकदोन ओळीच दिसतात, तिथं «मनापासून सॉरी, लाजल्यासारखं वाटायलंय» दिसलं तर माणसाला वाटतं पोरानं नोकरीच सोडली का काय.

५ ची वेळ मात्र दुकानदाराला फोन केल्याशिवाय लिहू नका. तो बाहेरगावी असला तर ५ वाजता दुसरी माफी, आणि ती पहिलीपेक्षा महागात पडते. नंबर मिळायची खात्री नसली तर तेच लिहा, «नंबर मिळाला नाही तर ४ वाजता तुम्हाला सांगतो, काय करायचं ते तुम्ही सांगा». मग ४ वाजता खरंच सांगायचं, ५ ची वाट बघायची नाही.

हे सगळं एखाद्या दिवसाच्या उशिरासाठी. ११ तारीखच हुकली असती, किंवा ह्या दोनतीन महिन्यांत तुमचं असं तिसऱ्यांदा झालं असतं, तर मेसेज कितीही नेटका असला तरी उपयोग नव्हता. तिथं आधी फोन करायचा, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करणार ते बोलायचं, म्हणजे राशीच्या आठवड्यात याद्या ७ तारखेलाच देतो, असं काहीतरी ठोस.

आणि एक, हा मेसेज आत्ता लगेच पाठवू नका. किराणा-कापडच्या याद्या तयारच आहेत तर आधी त्या मेल करा, दहा मिनिटांचं काम आहे. मग वरच्या मेसेजात «यादी सकाळी ११ पर्यंत मेल करतो» च्या जागी «याद्या मेल केल्यात» लिहा आणि पाठवा.