‘राजीनामा मंजूर करावा’ असं लिहू नका

प्रश्न : मी एका ठेकेदाराकडे सव्वादोन वर्षं साइट इंजिनिअर आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला प्रवेश मिळालाय, 28 जुलैला हजर व्हायचंय. नेमणूकपत्रात ‘60 दिवसांची नोटीस अथवा तेवढ्या दिवसांचा पगार’ अशी अट आहे. आज 10 जून. साहेब म्हणतात, स्लॅब होईपर्यंत राजीनामा मंजूर करणार नाही. पदवीचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे. तीन वर्षांचा एक लाखाचा बॉण्ड दाखवतात, शिवाय हिशेबात एक टन सळई कमी आहे ती तुझ्या नावावर टाकू असा दम देतात. स्टीलचा तक्ता सोबत जोडलाय. राजीनामा कसा लिहू?

उत्तर : राजीनामा आजच द्या. साहेबांची मनधरणी करण्यात जितके दिवस जातील, तितके दिवस नोटिशीतून कमी होतील.

तुमच्यासारख्यांच्या पत्रात ‘माझा राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती’ हे वाक्य हमखास असतं. ते लिहिलं की मंजुरीची किल्ली आपणच त्यांच्या हातात देतो. राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. सेवाशर्तींतच मंजुरीची अट असेल किंवा खातेनिहाय चौकशी चालू असेल तर गोष्ट वेगळी, असं सर्वोच्च न्यायालयाने संजय जैन यांच्या 2018च्या खटल्यात म्हटलं आहे. तुम्ही सांगता त्या अटीत मंजुरीचा शब्द नाही, तरी नेमणूकपत्र पहिल्या पानापासून एकदा वाचा. नसेल तर पत्रात विनंती नको, तारीख हवी:

‘मी साइट इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार ही नोटीस आजपासून, दि. 10 जूनपासून, समजावी. पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाल्याने 25 जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. नोटिशीचे उरलेले 15 दिवस अटीप्रमाणे पगार देऊन भरून काढण्यास मी तयार आहे. माझ्याकडील नोंदी व साहित्य ताब्यात घेण्यासाठी व्यक्ती नेमावी.’

हे 15 दिवस कुठून आले, तेही पाहा. पत्र दिल्याचा दिवस सोडून 11 जूनपासून मोजलं तर 60 दिवस 9 ऑगस्टला भरतात आणि 25 जुलैपर्यंत 45 होतात. या दिवसांचा पगार मूळ वेतनावर धरायचा की एकूण पगारावर, ते अटीतल्या शब्दांवरून ठरेल. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द तिथे असतील तर पैसे नाकारून उरलेले दिवस काम करा असं ते म्हणू शकतात. पण तेव्हाही भांडण नुकसानभरपाईचंच राहतं. मनाविरुद्ध कामावर राहा असा हुकूम न्यायालय देत नाही. साहेबांबद्दलच्या तक्रारी या पत्रात नकोत. ‘शिक्षण संपल्यावर परत येईन’ हेही नको, पुढेमागे तेच वाक्य तुमच्यापुढे धरलं जाईल.

पत्र हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर त्याच दिवशी ईमेल आणि कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट. नुसत्या व्हॉट्सॲपवर भिस्त ठेवू नका.

आता सळई. मला काळजी बॉण्डपेक्षा हिची वाटते, कारण माल आल्याच्या चलनांवर सह्या तुमच्या आहेत. तुमच्या तक्त्यात 84.6 टन आवक आहे. बार बेंडिंग शेड्यूल म्हणजे सळईच्या कापणी-वाकवणीच्या यादीप्रमाणे 78.9 टन वापरली गेली, 3.1 टन शिल्लक आहे आणि 1.6 टन तुकडे. बेरीज 83.6, म्हणजे एक टन कुठे गेलं, हा त्यांचा सवाल.

पण आवक काट्यावरच्या वजनाची आहे, आणि वापर तुम्ही मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 या सूत्राने काढलाय. सूत्राप्रमाणे 8 मिमी सळई मीटरला 0.395 किलो भरते. प्रत्यक्ष गिरणीतून येणारी सळई तंतोतंत तेवढीच नसते, आय.एस. 1786 या मानकात 10 मिमीपर्यंतच्या सळईला सात टक्के कमी-जास्त चालतं. तुमच्याकडे 8 मिमी सुमारे 26 टन लागलीय. ती मीटरला 0.41 किलो भरली, तर फरक पावणेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 26 टनांवर जवळजवळ एक टन. चोरी न होताही तुमचा टन असा ‘गायब’ होऊ शकतो. खरंच तसं झालं का, ते साइटवरच कळेल. शिल्लक मालातल्या प्रत्येक व्यासाचे एकेक मीटरचे काही तुकडे स्टोअरकीपरसमोर तोलून घ्या, वजनं लिहा, दोघांच्या सह्या घ्या. हे जूनमध्येच करा. तो माल पुढच्या स्लॅबमध्ये गेला की पुरावाही काँक्रीटमध्ये गेला. वजन सूत्राइतकंच भरलं तर मात्र खुलासा दुसरीकडे शोधावा लागेल: चलनं दोनदा चढली का, दुसऱ्या साइटला माल उसना गेला का.

ताबा देण्याच्या कागदावर हा तक्ता, चलनांच्या फाइली, मेजरमेंट बुकातली शेवटची नोंद, पोअर कार्डं आणि हातखर्चाची शिल्लक तारखेसह लिहा. काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीसाठी भरलेल्या क्यूबच्या रजिस्टरचं वेगळं नमूद करा. 27 जूननंतर भरलेल्या क्यूबचे 28 दिवसांचे निकाल तुम्ही गेल्यावर येणार, म्हणून ‘निकाल प्रलंबित’ अशी यादी द्या. ताबा घ्यायला कुणी नेमलं नाही, तर कागद ईमेल करून ठेवा.

नुकसान म्हणून पगार कापायचा झाला तरी तो माल तुमच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा लागतो, नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं, आणि आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडणाऱ्याचा देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.

बॉण्ड कागदावर आहे म्हणून लाख रुपये आपोआप देणं लागत नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. तरी बॉण्ड म्हणजे रद्दी समजू नका. 2025 साली एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलाय. भरतीची लांबलचक प्रक्रिया पुन्हा करण्याचा खर्च तिथे मानला गेला. तुमच्या ठेकेदाराने तुमच्यावर काय खर्च केला, ते त्याला दाखवावं लागेल. तीनपैकी सव्वादोन वर्षं तुम्ही भरलीत, हेही मोजलं जाईल. आत्ता काहीही कबूल करू नका, कोऱ्या चेकवर सही तर नकोच.

प्रमाणपत्र अडवून ठेवायचा हक्क त्यांना नाही. थकबाकीपोटी वस्तू अडवण्याचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याचं कलम 171 मोजक्या लोकांनाच देतं: बँका, अडते, विमा दलाल वगैरे. बाकीच्यांना तसा स्पष्ट करार लागतो. (त्या यादीत वकील आहेत, पण पक्षकाराची फाइल अडवायला सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच आम्हालाही मनाई केली.) जमा करताना कशावर सही केलीत, ते शोधा. प्रमाणपत्राची मागणी राजीनाम्यात घालू नका, सात दिवसांच्या मुदतीचं वेगळं पत्र द्या. तेवढ्यात मिळालं नाही तर वकिलाची नोटीस, आणि सोबतच विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीची चौकशी.

संस्थेच्या प्रवेश कार्यालयाला आजच विचारा की कार्यमुक्तीचं पत्र लागतं का. लागत असेल आणि ठेकेदार देत नसेल, तर शिक्का असलेली राजीनाम्याची प्रत, 15 दिवसांच्या पगाराची बँक पावती आणि ताब्याचा ईमेल जोडून मुदत मागा.