स्वप्न काढू नका, पुढच्या प्रकरणात हलवा

“माझा नायक इंदूरच्या बंद पडलेल्या कापडगिरणीतला माजी कामगार आहे. शेवटपर्यंत फाटकावर बसलो होतो असं तो घरी सांगतो, पण त्यानं गुपचूप आधीच हिशेब घेतलेला असतो. दुसऱ्या प्रकरणातलं त्याचं चार पानी स्वप्न वाचून सगळे म्हणतात, काही कळलं नाही. काढून टाकू का?”

काढू नका, पुढे न्या. दुसऱ्या प्रकरणापर्यंत या माणसाचे रोजचे जगणेच वाचकाला ठाऊक नसते, त्यामुळे स्वप्नात नेमके काय वाकडे झाले आहे ते त्याला ओळखता येत नाही आणि तो प्रत्येक वस्तूला प्रतीक समजून अर्थ लावत बसतो.

दस्तयेव्हस्कीच्या १८६६ च्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये नायक रास्कोल्निकोव्हला घोडीचे स्वप्न पडते ते त्याच्या हातून होणाऱ्या खुनाच्या आदल्या दिवशी. तो सावकारीण म्हातारीचे घर पाहून आला आहे आणि त्याच्या मनात काहीतरी भयंकर शिजते आहे, याची कुणकुण आपल्याला तोवर लागलेली असते. हे स्वप्न आहे, असे लेखक आधीच सांगून टाकतो. त्यात तो सात वर्षांचा आहे, वडिलांबरोबर चालला आहे, आणि एक दारुडा अवजड गाडी ओढवत नाही म्हणून मरतुकड्या घोडीला मरेस्तोवर मारतो. पोर धावत जाऊन मेलेल्या घोडीचे मुके घेते. जाग आल्यावर तो स्वतःलाच विचारतो, मी खरेच कुऱ्हाड उचलणार का? रडणारे पोर तोच आणि मारणाराही तोच, हे इथे कोणत्याही कबुलीशिवाय कळते. स्वप्नाने तो सुधारत मात्र नाही: बेत सोडल्यासारखा वाटतो, पण त्याच संध्याकाळी म्हातारी उद्या एकटी असणार हे बाजारात त्याच्या कानावर पडते.

तुमच्या नायकाला आधी जागेपणी दाखवा. पोह्याच्या दुकानात जुना सोबती भेटतो, गिरणीचा विषय निघतो आणि हा उजवा हात खिशातून काढतच नाही, एवढे पुरे. मग स्वप्नात मागांचा साळखाता लख्ख चालू असावा, भोंगा व्हावा, सगळ्यांनी हजेरीसाठी हात वर करावेत आणि याचा हात खिशातून निघू नये. हिशेबाच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याची शाई अजून ओली आहे. चार पाने कशाला, एक पान पुष्कळ झाले. सकाळी त्याने स्वप्नाचा अर्थ सांगू नये. सोबत्याच्या घरावरून जाणारा नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने दूध आणावे.

माझ्या पहिल्या हस्तलिखितात मी वारलेल्या वडिलांना दोन पाने जिवंत वावरू दिले होते आणि मग ‘त्याला जाग आली’ असे लिहिले होते. रामबागेतल्या एका ज्येष्ठ वाचकांनी शांतपणे विचारले, “आता पुढचा मृत्यू तरी खरा मानायचा का?” ती पाने गेली.

जागेपणीचा भास असेल, तर खोलीत दुसरे माणूस ठेवा. नायकाला भोंगा ऐकू यावा आणि बायकोने चहा गाळत राहावे. मग खरे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.