मधल्या पाच वर्षांबद्दल काय लिहायचं

प्रिय मुली,

तुझं कव्हर लेटर वाचलं. ‘काही वैयक्तिक कारणांमुळे नोकरीत खंड पडला’ हे वाक्य आधी काढून टाक. त्यातून काहीच कळत नाही आणि मग वाचणारा स्वतःच तर्क करतो की हिला काढलं असेल, नाहीतर कुणाशी पटलं नसेल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जून 2019मध्ये सोडलेली नोकरी तू बायोडेटात मार्च 2020पर्यंत ओढली आहेस. असं करू नकोस, गं. रुजू होण्याआधी बऱ्याच कंपन्या रिलीव्हिंग लेटर मागतात, पीएफची नोंदही पाहतात. तिथे तुझी नोकरी सोडल्याची तारीख आहे. पाच वर्षांच्या खंडाने जेवढा अर्ज अडत नाही, तेवढा या नऊ महिन्यांच्या थापेने अडेल.

खंडाचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात कर. पहिल्यात तुझं अकाउंट्सचं काम येऊ दे. मग साधं लिही: ‘जून 2019मध्ये मी नोकरी सोडली, कारण सासूबाईंच्या दीर्घ आजारपणात घरी पूर्णवेळ माणसाची गरज होती. आता ती जबाबदारी राहिलेली नाही आणि मी पूर्णवेळ कामाला तयार आहे.’ एवढं पुरे. आजाराचं नाव, हॉस्पिटलचे हेलपाटे, घरातल्यांनी किती साथ दिली हे काही नको. माफीही मागू नकोस. ‘घर सांभाळताना मॅनेजमेंट शिकले’ हेसुद्धा नको. तू केलेली सेवा मोठीच आहे, तिला नोकरीचा मुखवटा चढवायची गरज नाही.

खरी शंका वेगळीच असते: हिला आजचं काम येतं का? तू सोडलंस तेव्हा जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून आपोआप तयार होणारं जीएसटीचं मासिक विवरण, नव्हतं. ते 2020मध्ये आलं, आणि जानेवारी 2022पासून पुरवठादाराचं बिल त्यात दिसल्याशिवाय इनपुट क्रेडिट घेता येत नाही. ऑगस्ट 2023पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना बी-टू-बी बिलांसाठी ई-इन्व्हॉइस लागतं. म्हणून अर्ज पाठवण्याआधी ओळखीच्या एखाद्या दुकानदाराला विचारून त्याच्या तीन महिन्यांच्या खरेदीची नोंदवही 2बीशी जुळवून बघ. कुठली बिलं जुळली नाहीत, का नाही, पुरवठादाराने रिटर्नच भरलं नाही की जीएसटी नंबर चुकला, हे टिपून ठेव. मग खंडाच्या वाक्यांना जोडून लिहिता येईल: ‘अलीकडे एका किरकोळ व्यापाऱ्याच्या तीन महिन्यांच्या खरेदीचं 2बीशी मिळवणीचं काम केलं.’ मात्र हे खरंच केलं असशील तरच लिही, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येईल.

आणि ‘मला रजा लागणार नाही’ असलं वचन देऊ नकोस. ते कुणीच पाळू शकत नाही आणि तुझ्याकडे कुणी मागितलेलंही नाही.

पत्र एका पानात बसव. तारखा बायोडेटाशी महिन्यासकट जुळव आणि नवा मसुदा मला पाठव.

तुझी,
ताई