तोच व्हिडिओ मोबाइल डेटावर चालतो, शाळेच्या वायफायवर का चालत नाही?

प्रश्न: मी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका माध्यमिक शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. मानवी प्रजननाचा एक व्हिडिओ घरी नीट चालतो, पण शाळेच्या वायफायवर "Video unavailable" असे येते. त्याच धड्यातला परागणाचा व्हिडिओ मात्र त्याच संगणकावर लगेच चालतो. आमचे संगणक सांभाळणाऱ्या सरांनी ती लिंक फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत टाकली, तरी फरक पडला नाही. नेमके अडवते कोण?

उत्तर:

मॅडम, तुमच्या शाळेने हा व्हिडिओ निवडून अडवलेला नाही, आणि म्हणूनच परवानगीच्या यादीत लिंक टाकून तो सुटलाही नाही. तो लपवला आहे खुद्द यूट्यूबने. शाळेच्या नेटवर्कने फक्त "आमच्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला गाळलेले यूट्यूब दाखवा" एवढे कळवून ठेवलेले असावे. हा फरक लक्षात आला की पुढे कोणाकडे काय मागायचे हे आपोआप स्पष्ट होते, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

ब्राउझर आणि यूट्यूब यांच्यातील सगळे बोलणे कूटबद्ध असते. वाटेत बसलेल्या फायरवॉलला साधारणपणे एवढेच दिसते की हा संगणक www.youtube.com या नावाकडे निघाला आहे. त्या नावापुढचा मजकूर, म्हणजे नेमका कोणता व्हिडिओ मागितला तो भाग, तिला वाचता येत नाही. परिणामी साधी फायरवॉल यूट्यूब पूर्ण बंद करू शकते किंवा पूर्ण चालू ठेवू शकते, पण त्यातला एक व्हिडिओ वेगळा काढू शकत नाही. एखादा व्हिडिओ तिने ओळखावा असे वाटत असेल तर प्रत्येक संगणकावर तिचे स्वतःचे प्रमाणपत्र बसवून ते कूटबद्ध बोलणे मध्येच उघडावे लागते. काही मोठ्या कंपन्यांत तसे करतात. मी ज्या शाळांचे नेटवर्क पाहिले आहे त्यांत ते क्वचितच आढळले. तुमच्या सरांनी यादीत टाकलेली लिंक म्हणूनच कोणी वाचलीच नाही.

मग गाळणी लागते कुठे? संगणकाला कोणत्याही संकेतस्थळाकडे जाताना आधी त्याचा आकडी पत्ता विचारावा लागतो, आणि तो पत्ता सांगण्याचे काम डीएनएस करते. गूगलने शाळा आणि कार्यालयांसाठी यूट्यूबची दोन वेगळी दारे ठेवलेली आहेत: restrict.youtube.com हे कडक गाळणीचे आणि restrictmoderate.youtube.com हे मध्यम गाळणीचे. शाळेच्या डीएनएसने www.youtube.com विचारणाऱ्याला नेहमीच्या पत्त्याऐवजी यांपैकी एका दाराचा पत्ता दिला, की पलीकडे यूट्यूबला कळते की हा माणूस गाळणीच्या दाराने आला आहे, आणि ते त्याच्यासाठी रिस्ट्रिक्टेड मोड लावते. तो मोड पडद्यावरून बंद करण्याची सोय अशा वेळी राहत नाही.

कोणता व्हिडिओ लपवायचा हे यूट्यूब मुख्यतः यंत्राकडून ठरवते. शीर्षक, वर्णन, व्हिडिओसोबतची इतर माहिती आणि त्यातील भाषा यांवरून ते अंदाज बांधते. लैंगिक विषय, मद्य आणि अमली पदार्थ, हिंसा, शिवीगाळ अशा गोष्टींच्या खुणा दिसल्या की व्हिडिओ बाजूला पडू शकतो. साधे, सरळ शैक्षणिक विवेचन दिसत राहावे असे गूगलचे म्हणणे आहे, परंतु सर्व भाषांत ही गाळणी सारख्याच दर्जाची चालत नाही हेही गूगलने मान्य केलेले आहे. परागण सुटते आणि मानवी प्रजनन अडकते, त्यामागे बहुधा हेच आहे. विषय एकाच धड्याचा असला तरी यंत्राला धडा दिसत नाही, शब्द दिसतात. एखादा विशिष्ट व्हिडिओ का लपला याचे कारण पाहणाऱ्याला कुठेही सांगितले जात नाही, त्यामुळे कारण शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा गाळणी कुठे बसली आहे ते शोधणे शहाणपणाचे.

त्यासाठी पहिली तपासणी अशी करा. शाळेच्या संगणकावर, शाळेच्याच वायफायवर असताना, हे पान उघडा:

```
https://www.youtube.com/check_content_restrictions
```

या पानावर यूट्यूब स्वतः सांगते की तुमच्यावर निर्बंध डीएनएसकडून आला आहे, वाटेतल्या एखाद्या यंत्राने जोडलेल्या सूचनेतून आला आहे, की ज्या खात्याने तुम्ही लॉगिन केले आहे त्या संस्थेच्या खात्यातून आला आहे. ज्या ओळीत निर्बंध दिसेल तिथे दुरुस्ती करायची. पान पाहूनही खात्री वाटत नसेल तर विंडोजच्या कमांड खिडकीत ही ओळ लिहा:

```
nslookup www.youtube.com
```

उत्तरात 216.239.38.120 आले तर कडक दार, 216.239.38.119 आले तर मध्यम दार. वेगळेच पत्ते आले तर डीएनएसने गाळणी लावलेली नाही, आणि मग वरच्या पानावरील इतर दोन ओळींकडे पाहायचे.

दुसरी तपासणी अधिक सोपी आहे, पण ती नीट न केल्याने मी अनेकदा लोकांना चुकीच्या निष्कर्षावर पोहोचताना पाहिले आहे. घरी चालते आणि शाळेत चालत नाही, एवढ्याने नेटवर्कचा दोष सिद्ध होत नाही, कारण घरी संगणकही वेगळा असतो आणि खातेही वेगळे असते. शाळेचाच लॅपटॉप, तोच ब्राउझर आणि तेच खाते ठेवून फक्त वायफाय तोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर जुना पत्ता त्याच्या स्मरणात राहून फसवतो. व्हिडिओ चालला तर गाळणी नेटवर्कमध्ये आहे. तरीही चालला नाही तर ती लॅपटॉपमध्ये किंवा खात्यात आहे. लॅपटॉपमध्ये असल्यास क्रोममध्ये chrome://policy हे पान उघडून ForceYouTubeRestrict हा शब्द शोधा. त्यापुढे 1 असेल तर मध्यम आणि 2 असेल तर कडक गाळणी त्या संगणकावरच बसवलेली आहे आणि ती कोणत्याही वायफायवर सोबत येते.

याच हॉटस्पॉटवर असताना व्हिडिओ एकदा इनकॉग्निटो खिडकीतही उघडून पाहा. तिथे वयाची खात्री करण्यासाठी लॉगिन करा असे आले, तर तो व्हिडिओ वयाच्या अटीत आहे आणि मग शाळेची गाळणी कितीही सैल केली तरी तो वर्गात असा दिसणार नाही. तेव्हा दुसरा व्हिडिओ शोधणे हाच मार्ग उरतो.

आता एक घडलेले प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्यासारखेच होते. कोल्हापुरातील एका शाळेत मला बोलावले होते तेव्हा शिक्षकांची तक्रार अशी होती की प्रयोगशाळेतील संगणकावर व्हिडिओ दिसत नाही, परंतु त्याच वायफायवर शिक्षकांच्या मोबाइलमधील यूट्यूब अॅपमध्ये तो चालतो. हे पाहून सर्वांनी संगणकाला दोष दिला होता आणि एका संगणकावर विंडोज नव्याने टाकूनही झाले होते. प्रत्यक्षात डीएनएसमध्ये फक्त www.youtube.com या एका नावाला कडक दाराकडे वळवले होते. अॅप मात्र youtubei.googleapis.com या दुसऱ्या नावाने माहिती मागवते, आणि ते नाव मोकळेच राहिले होते. गूगलच्या सूचनेप्रमाणे m.youtube.com, youtube.googleapis.com आणि www.youtube-nocookie.com हीही नावे वळवावी लागतात. शेवटचे नाव सुटले तर इतर पानांत बसवलेला व्हिडिओ चालतो आणि यूट्यूबवर तोच चालत नाही, असा गोंधळ दिसतो.

त्या शाळेत आम्ही आधी सर्व नावे एकसारखी केली आणि नंतर शिक्षक-कक्ष व वर्गातील प्रोजेक्टरचे संगणक यांच्यासाठी वेगळे उपनेटवर्क करून त्यांना मध्यम दार दिले; विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेचे कडक दार तसेच ठेवले. बदलानंतर प्रत्येक संगणकावर

```
ipconfig /flushdns
```

ही आज्ञा चालवून ब्राउझर बंद-चालू केले. विज्ञानाच्या शिक्षिकेने दिलेल्या तीन व्हिडिओंपैकी दोन लगेच दिसू लागले. तिसरा मध्यम गाळणीतही अडकला.

तिसऱ्यासाठीचा मार्ग खात्याकडून जातो. शाळेकडे गूगल वर्कस्पेसची खाती असतील तर प्रशासक, किंवा त्याने नेमलेले शिक्षक, एखादा व्हिडिओ संस्थेसाठी मंजूर करू शकतात. अशी मंजुरी फक्त त्याच संस्थेच्या खात्याने लॉगिन केलेल्यांना लागू होते, म्हणून प्रोजेक्टरच्या संगणकावर लॉगिन न करता व्हिडिओ लावला तर मंजुरी असूनही तो दिसत नाही. त्या शाळेत पहिल्या दिवशी नेमके हेच झाले होते. तसेच प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या वर्कस्पेसमध्ये सर्व खाती आपसूक 18 वर्षांखालील धरली जातात. शिक्षकांची खाती 18 वर्षांवरील म्हणून प्रशासकाने वेगळी नोंदवली नसतील तर त्यांनाही विद्यार्थ्यांसारखेच यूट्यूब दिसते. तपासणीच्या पानावर खात्याच्या ओळीत निर्बंध दिसला तर आधी ही नोंद पाहायला सांगा.

एका गोष्टीची गल्लत मात्र करू नका. उद्यमनगरातील एका कार्यालयात मला हीच तक्रार सांगितली गेली, पण तिथे यूट्यूबचे पान, शीर्षक आणि खालचे व्हिडिओ सगळे दिसत होते. फक्त मधले वर्तुळ फिरत राहत होते. तो रिस्ट्रिक्टेड मोड नव्हता. व्हिडिओचा प्रत्यक्ष प्रवाह googlevideo.com या वेगळ्या नावावरून येतो आणि इंटरनेटचा भार कमी करण्यासाठी कोणीतरी तेवढेच नाव बंद केले होते. रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये वर्तुळ फिरत नाही. थेट संदेश येतो, आणि जे व्हिडिओ चालतात त्यांच्याखालीही टिप्पण्या दिसत नाहीत. तुमच्या परागणाच्या व्हिडिओखाली टिप्पण्या दिसतात का, ते एकदा खाली सरकवून पाहा. शाळेत नसतील आणि मोबाइल डेटावर असतील, तर ही एकटी खूणही पुरेशी बोलकी आहे.

व्हीपीएन लावा किंवा संगणकाचा डीएनएस बदला असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याने व्हिडिओ दिसेलही, पण प्रोजेक्टरच्या त्या संगणकावरची गाळणी पुढच्या तासाला बसणाऱ्या मुलांसाठीही निघून जाईल, म्हणून मी ते करू नका असेच सांगेन. तुमच्या सरांना तपासणीच्या पानाचा फोटो आणि nslookup चे उत्तर द्या, आणि फायरवॉलमध्ये लिंक टाकण्याऐवजी वर्गातील प्रोजेक्टरच्या संगणकांना restrictmoderate.youtube.com द्यायला सांगा. फोटोत कोणत्या ओळीत निर्बंध दिसतो ते इथे लिहिलेत, तर पुढचे नेमके पाऊल सांगता येईल.