छातीत दुखतंय, तर शोधताना नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: माझं वय २७. दोन दिवस छातीत डावीकडे टोचतंय, गूगल केलं की हार्ट अटॅकच दाखवतं. वडिलांच्या जळजळीला मात्र तेच अ‍ॅसिडिटी म्हणतं. विश्वास ठेवायचा कशावर?

मी सात रस्त्याजवळ औषधांच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरला आहे. मोबाइल पुढे करून "हे द्या" म्हणणारे रोज येतात. आधी घरातलीच गोष्ट सांगतो.

माझे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होते. वय ५८, बारा वर्षांची शुगर. एका रात्री भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन उठले आणि छातीत जळजळायला लागलं. मामेभावाने शोधलं "छातीत जळजळ घरगुती उपाय". जिरं, थंड दूध, ओवा, सगळं आलं. दूध दिलं, थोडं बरं वाटलं. तासाभराने त्याने मला फोन केला, "दादा, अ‍ॅसिडिटीचं कुठलं सिरप आणू?" मी विचारलं, घाम आलाय का? म्हणाला, बनियन भिजलाय. जिना चढताना कसं होतं? आठवडाभर चढताना असंच व्हायचं आणि थांबलं की जायचं, असं मामींनी मागून सांगितलं. मी म्हटलं, सिरप राहू दे, १०८ लाव.

चूक त्याने टाइप केलेल्या शब्दांत होती. "घरगुती उपाय" लिहिलं की आजार साधाच आहे हे आपण आधीच ठरवलेलं असतं, आणि मग त्याला धरूनच पानं समोर येतात. "छातीत दुखणे हार्ट अटॅक" लिहिलं तर उलटं होतं. तिथे घाम, धडधड, अस्वस्थपणा अशी यादी असते आणि घाबरलेल्या माणसाला त्यातलं निम्मं लगेच जाणवायला लागतं. त्या पानाला तुम्ही २७ वर्षांचे आहात की ५८ वर्षांचे मधुमेही, हे माहीत नसतं.

म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी कागदावर लिहा. कधी सुरू झालं, तेव्हा काय करत होता, चालल्यावर वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं का, हात, जबडा किंवा पाठीकडे जातं का, घाम, दम, मळमळ आहे का. शेजारी वय, शुगर, बीपी, तंबाखू. मग शोधताना आजाराचं नाव न लिहिता हेच लिहा, आणि पानावर "डॉक्टरांकडे तातडीने कधी जावं" एवढाच भाग वाचा.

लक्षणं विचारणारी अ‍ॅप्स वय वगैरे विचारतात, म्हणून नुसत्या शोधापेक्षा थोडी बरी. पण त्यांनाही मर्यादा आहे. २०१५ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात अशा २३ साधनांची तपासणी छापून आली होती. बरोबर निदान पहिल्या क्रमांकावर साधारण ३४ टक्के वेळाच आलं. खरोखर तातडीच्या रुग्णांना ८० टक्के वेळा योग्य सल्ला मिळाला, पण घरी बरं होणाऱ्यांपैकी बहुतेकांना उगाच दवाखान्यात जायला सांगितलं. म्हणजे अ‍ॅपने "लगेच जा" म्हटलं तर ते ऐका, पण म्हणून तोच आजार झालाय असं धरू नका. आणि "घरीच थांबा" म्हटलं, पण कागदावर धोक्याची खूण असेल, तर कागदाचं ऐका. शंभरातल्या त्या वीस जणांत आपण नाही, हे कोण सांगणार?

मामांचा पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल आला. मामेभावाने तिथेच बसून "ईसीजी नॉर्मल" शोधलं आणि घरी न्यायचं म्हणू लागला. डॉक्टरांनी थांबवून ठेवलं. हार्ट अटॅकमध्येही पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो, म्हणून हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा बघतात. मामांचं दुसऱ्या वेळी वाढलेलं निघालं. अँजिओप्लास्टी झाली, आज बरे आहेत. दुधाने बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे, असंही होत नाही. शुगर असलेल्यांना तर छातीत फार न दुखता नुसता दम किंवा घाम येऊन अटॅक येऊ शकतो.

आता तुमचं. बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी टोचत असेल, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढत असेल आणि दम, घाम, ताप काही नसेल, तर बहुधा स्नायूचं किंवा बरगडीचं दुखणं आहे. रात्रभर शोधत बसू नका, उद्या जवळच्या फिजिशियनला दाखवा. दम लागला किंवा चक्कर आली तर मात्र उद्याची वाट बघू नका.

वडिलांना आजच विचारा, जळजळ चालताना किंवा जिना चढताना होते का. "हो" म्हणाले, तर आजच ईसीजी काढा, आणि आता बसल्या जागीही होत असेल किंवा घाम येत असेल तर १०८.